एकशे बहात्तर रुपये ऐंशी पैसे

वर्कशीटमधलं चौथं गणित असं होतं : मुद्दल २५,००० रुपये, व्याजाचा दर द.सा.द.शे. ८, मुदत ३ वर्षं. सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज दोन्ही काढा, वर्षवार आकडेमोड दाखवा आणि सूत्राने पडताळा घ्या. अकरावी वाणिज्यच्या माझ्या वर्गातली एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली.

"मॅडम, वर्षवार केलं तर रास ३१,३२० येतेय आणि सूत्राने ३१,४९२ रुपये ८० पैसे. कोणतं लिहू?"

हा प्रश्न तिने विचारला याचंच मला बरं वाटलं. बरीच मुलं विचारत नाहीत. वर्षवार तक्त्याची शेवटची ओळ खोडून तिथे सूत्राचं उत्तर बसवतात आणि खाली 'पडताळा जुळला' असं लिहितात. वह्या तपासताना ते लगेच कळतं, कारण वरच्या ओळींची बेरीज त्या शेवटच्या आकड्यापर्यंत पोचतच नाही. मी तिला म्हटलं, "अगं, दोन्ही राहू दे. आधी दोघांतला फरक काढ." फरक आला १७२ रुपये ८० पैसे. चूक कुठे आहे, ते हा आकडाच सांगतो. पण तो वाचायचा तर आधी तक्ता नीट मांडायला हवा.

द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. शंभर रुपयांवर एका वर्षाला ८ रुपये. सूत्रात खाली जो १०० असतो तो हाच शेकडा. २५,००० रुपयांत २५० शेकडे आहेत, म्हणून एका वर्षाचं व्याज २५० गुणिले ८, म्हणजे २,००० रुपये. सरळव्याजात मुद्दल जागचं हलत नाही. पहिल्या वर्षी २,०००, दुसऱ्या वर्षी तेवढंच, तिसऱ्याही वर्षी तेवढंच. एकूण ६,००० व्याज आणि ३१,००० रास. I = PNR/100 या सूत्राने २५,००० × ३ × ८ भागिले १०० केलं तरी ६,०००च येतात. इथे मुलं सहसा चुकत नाहीत. फक्त प्रश्नात मुदत महिन्यांत दिली असेल तर ती वर्षांत करून घ्यायची राहून जाते. दरही कधीकधी दरमहा असतो. गावाकडे 'शेकडा दोन रुपयांनी पैसे घेतले' असं कुणी म्हणालं की ते दोन रुपये बहुतेक वेळा महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाला शंभरावर २४.

चक्रवाढ व्याजात वर्ष संपलं की व्याज मुद्दलात मिळवलं जातं आणि पुढच्या वर्षाचं व्याज त्या वाढलेल्या रकमेवर धरलं जातं. तक्ता असा होतो :

पहिलं वर्ष : मुद्दल २५,०००, व्याज २,०००, रास २७,०००
दुसरं वर्ष : मुद्दल २७,०००, व्याज २,१६०, रास २९,१६०
तिसरं वर्ष : मुद्दल २९,१६०, व्याज २,३३२.८०, रास ३१,४९२.८०

प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा खालच्या ओळीच्या सुरुवातीला उतरतो. सगळं गणित या एका उतरण्यावर उभं आहे, आणि चूकही बहुतेक वेळा तिथेच होते. त्या मुलीच्या वहीत तिसऱ्या वर्षाचं मुद्दल २७,००० लिहिलं होतं. वरच्या ओळीच्या शेवटचा आकडा घ्यायच्या ऐवजी तिने सुरुवातीचा आकडा खाली उतरवला. त्यामुळे तिसऱ्या वर्षाचं व्याजही २,१६० आलं आणि २९,१६० मध्ये ते मिळवून ३१,३२० झाले. आता फरकाकडे बघा. दुसऱ्या वर्षाचं व्याज २,१६० रुपये तिसऱ्या वर्षी मुद्दलात धरलंच गेलं नाही. त्या २,१६० वर ८ टक्क्यांनी एका वर्षाचं व्याज किती? नेमके १७२ रुपये ८० पैसे.

मी तिला फक्त एवढंच विचारलं, "१७२.८० हे कशाचे ८ टक्के आहेत?" तिने १७२.८० ला ८ ने भागून १०० ने गुणलं, २,१६० हा आकडा आला, आणि तिचं बोट आपोआप तक्त्यातल्या त्या ओळीवर गेलं.

सूत्र म्हणजे हाच तक्ता आहे, फक्त मिटलेला. २५,००० वर ८ टक्के व्याज मिळवणं म्हणजे २५,००० ला १.०८ ने गुणणं. पुढच्या वर्षी पुन्हा १.०८ ने, तिसऱ्या वर्षी पुन्हा. म्हणून

A = P(1 + R/100)^N

इथे A म्हणजे रास, P मुद्दल, R दर आणि N वर्षं. आपल्या गणितात १.०८ चा घन घ्यायचा. १.०८ × १.०८ = १.१६६४, त्याला पुन्हा १.०८ ने गुणलं की १.२५९७१२. या आकड्याने २५,००० ला गुणलं की ३१,४९२.८० येतात. चक्रवाढ व्याज म्हणजे रास वजा मुद्दल, ६,४९२.८०. सूत्राने थेट रास येते हे विसरून तोच आकडा व्याज म्हणून लिहिणारेही दरवर्षी असतात.

सूत्राची स्वतःची एक अडचण आहे. १.२५९७१२ हा आकडा लांबलचक दिसतो म्हणून मुलं त्याचे १.२६ करतात. मग रास ३१,५०० येते, ७ रुपये २० पैशांनी जास्त. चार दशांश स्थळं ठेवून १.२५९७ घेतलं तरी ३० पैसे कमी पडतात. गुणक छोटा असतो, पण मुद्दल मोठं असल्यामुळे शेवटच्या स्थळाची काटछाट २५,००० पट होऊन समोर येते. म्हणून गुणक पूर्ण ठेवायचा आणि पैशांपर्यंतची छाटणी अगदी शेवटी एकदाच करायची. फरक काही पैशांचा किंवा दोन-चार रुपयांचा असेल तर आधी दशांश तपासावेत. तो शेकड्यांत असेल तर तक्त्यातल्या कुठल्या आकड्याचे ८ टक्के होतात ते बघावं.

पण पडताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर, असंही नाही. हे मी वर्गात दरवर्षी वेळ काढून सांगते. याच गणितात 'व्याज आकारणी सहामाही' असं म्हटलं, तर दर निम्मा म्हणजे ४ आणि ओळी दुप्पट म्हणजे ६. एकाने दर निम्मा केला, पण ओळी तीनच ठेवल्या. तक्त्याने रास आली २८,१२१.६०. सूत्रातही त्याने R च्या जागी ४ आणि N च्या जागी ३ घातले, तिथेही २८,१२१.६०. दोन्ही अगदी पैशापर्यंत जुळले आणि दोन्ही चुकले, कारण प्रश्न वाचण्यातली चूक दोन्ही वाटांनी सोबत आली होती.

अशा वेळी सरळव्याज कामी येतं. त्याच दराने तीन वर्षांची सरळव्याजाची रास ३१,००० आहे. वर्षभरात एकदा तरी व्याज मुद्दलात मिळालं, तर चक्रवाढीची रास त्याखाली जाऊच शकत नाही. २८,१२१ दिसताच हात थांबायला हवा. बरोबर उत्तर सहा ओळींनी ३१,६३२.९८ येतं. वार्षिक चक्रवाढीपेक्षा ते १४० रुपयांनी जास्त आहे, आणि ते तसंच असायला हवं, कारण व्याज लवकर मुद्दलात गेलं. याउलट कुणी ८ टक्के दर तसाच ठेवून सहा ओळी मांडल्या तर रास जवळपास ३९,६७२ होते. सहामाही आकारणीने रक्कम इतकी फुगत नाही.

सरळ आणि चक्रवाढ यांतला फरक ४९२.८०. तो कुठून आला, हे एकदा सुटं करून बघायला मला फार आवडतं. पहिल्या वर्षाच्या २,००० रुपये व्याजावर दुसऱ्या वर्षी १६० मिळाले आणि तिसऱ्या वर्षीही १६०. दुसऱ्या वर्षी मूळ मुद्दलावर मिळालेल्या २,००० वर तिसऱ्या वर्षी १६०. झाले ४८०. आणि दुसऱ्या वर्षी जे १६० मिळाले होते त्यांच्यावर तिसऱ्या वर्षी १२ रुपये ८० पैसे. बेरीज ४९२.८०. तक्ता नाही, सूत्र नाही, तरी तोच आकडा. हा पडताळा खरा, कारण तो पूर्णपणे वेगळ्या वाटेने आला. परीक्षेत 'दोन वर्षांच्या सरळ आणि चक्रवाढ व्याजातला फरक १६० रुपये, दर ८, तर मुद्दल किती' असं विचारतात, त्यातले १६० हेच. १६० हे व्याजावरचं एका वर्षाचं व्याज, म्हणून वर्षाचं व्याज २,०००, म्हणून मुद्दल २५,०००. सूत्र आठवलं नाही तरी उलटं जाता येतं.

त्या मुलीने तिसरी ओळ दुरुस्त केली आणि जागेवर गेली. दहा मिनिटांत परत आली. वर्कशीटचं शेवटचं गणित तेच मुद्दल, तोच दर, मुदत मात्र अडीच वर्षं.

"मॅडम, या वेळी तक्ता तीनदा तपासला. तरी २२ रुपये ४४ पैशांचा फरक पडतोय."

तिचा तक्ता बरोबर होता. दोन वर्षांनंतर २९,१६०, पुढच्या सहा महिन्यांचं व्याज ४ टक्क्यांनी १,१६६.४०, रास ३०,३२६.४०. कॅल्क्युलेटरवर मात्र तिने घात २.५ घातला होता आणि ३०,३०३.९६ आले होते. घातात अर्धं वर्ष घातलं की सूत्र असा गुणक शोधतं जो दोनदा वापरला तर नेमका १.०८ होईल. तो १.०४ नाही, कारण १.०४ दोनदा वापरला तर १.०८१६ होतो. तो साधारण १.०३९२३ आहे. शाळा-कॉलेजच्या गणितात वार्षिक आकारणी असेल तर पूर्ण वर्षांना चक्रवाढ आणि उरलेल्या महिन्यांना सरळव्याज धरायची रीत आहे. म्हणून सूत्रही तसंच लिहायचं : २५,००० × (१.०८)² × १.०४. उत्तर ३०,३२६.४०.

तिने ते करून बघितलं, जुळलं. मग उत्तराखाली स्वतःहून एक ओळ लिहिली : 'शेवटच्या सहा महिन्यांना सरळव्याज धरले आहे.'