पावत्यांच्या पिशवीआधी रोजमेळ

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायची वेळ आली की छोट्या धंद्याचा मालक वर्षभराच्या पावत्यांची पिशवी घेऊन सीएकडे जातो. पिशवी भरलेली असते, तरी हिशेब जुळत नाही. कोणती पावती रोखीची, कोणती यूपीआयची, कोणता खर्च दुकानाचा आणि कोणता घरचा, हे तोवर मालकाच्याही लक्षात राहिलेले नसते. ज्याचा धंदा एकट्याच्या नावावर आहे, त्याचा आणि धंद्याचा पॅन एकच असतो. म्हणूनच पैशाला मधली भिंत त्याला स्वतःच घालावी लागते. माझ्या मते ती भिंत घालण्याची सुरुवात रोजमेळाच्या वहीपासून करावी.

उदाहरणादाखल ग्रिल आणि गेट बनवणारे एक फॅब्रिकेशनचे दुकान घेऊ. सोमवारी सकाळी गल्ल्यात ४,२०० रुपये आहेत. मंगळवारी वेल्डिंग रॉड आणि कटिंग व्हील आणले, २,६०० रुपये रोख गेले. बुधवारी गेटची ऑर्डर देणाऱ्या गिऱ्हाइकाने १५,००० रुपये रोख आगाऊ दिले. गुरुवारी टेम्पोवाल्याला १,२०० दिले, शनिवारी दोन हेल्परांचा मिळून ९,००० रुपये पगार केला आणि त्याच संध्याकाळी मालकाने घरखर्चाला ३,००० नेले. गल्ल्यात उरले ३,४०० रुपये.

आता हाच आठवडा वर्षअखेरीस पिशवीतून उभा करा. रॉडचे बिल सापडते, पगाराची सही सापडते. टेम्पोवाल्याने पावती दिलीच नव्हती. गेटचे बिल पुढच्या महिन्यात काम संपल्यावर फाडले, त्यामुळे आगाऊ आलेले १५,००० रुपये बुधवारच्या तारखेला कुठेच दिसत नाहीत. घरी नेलेले पैसे तर कोणी लिहितच नाही. कागदावर ४,२०० मधून ११,६०० वजा होतात आणि शिल्लक येते उणे ७,४००. गल्ल्यात उणे रोकड असू शकत नाही. तपासणाऱ्या माणसाला त्याचा एकच अर्थ दिसतो : आलेला पैसा कुठेतरी लिहायचा राहिला आहे, किंवा लपवला आहे. प्रामाणिक मालकही अशा वेळी अडचणीत येतो, कारण खुलासा देण्याची जबाबदारी त्याची असते.

रोजमेळ लिहायला फार ज्ञान लागत नाही. आरंभीची शिल्लक, आलेली रोकड, गेलेली रोकड, अखेरची शिल्लक. आणि दुकान बंद करताना गल्ला मोजून ती शिल्लक पडताळायची. आगाऊ रक्कम आली त्याच दिवशी ‘गिऱ्हाइकाकडून आगाऊ’ म्हणून लिहावी. विक्री बिल झाल्यावर धरली जाईल, पण रोकड आजच आली आहे. घरी नेलेल्या पैशाला ‘उचल’ लिहावे. उचल हा धंद्याचा खर्च नव्हे, आणि मालकाला स्वतःचा पगारही खर्चात टाकता येत नाही. पण उचल लिहिली नाही तर गल्ल्याचा मेळ बसत नाही. टेम्पोवाला, हमाल, हेल्पर यांच्याकडे छापील बिल नसते, तिथे साधे व्हाउचर करावे : नाव, मोबाइल, तारीख, कशाचे काम, किती रुपये आणि सही. महिन्यानंतर आठवून केलेली व्हाउचरे ओळखू येतात. सगळ्यांची शाई एक, अक्षर एक आणि आकडे गोल.

रोखीची एक मर्यादा मात्र पाठ असावी. एका दिवसात एका व्यक्तीला खर्चापोटी १०,००० रुपयांहून जास्त रोख दिले, तर ती रक्कम खर्च म्हणून वजा मिळत नाही. मालवाहतूकदाराला भाड्यापोटी दिलेल्या रकमेला हीच मर्यादा ३५,००० रुपयांची आहे. लोखंडी पाइप १८,५०० रुपयांचे घेतले आणि सगळे रोख मोजले, तर बिल पक्के असूनही पूर्ण १८,५०० रुपये खर्चातून उडतात, फक्त वरचे साडेआठ हजार नव्हे. त्याच दिवशी दोन बिले करून घेण्याचा उपाय चालत नाही, कारण दिवसभराची बेरीज धरली जाते. पैसे बँकेतून द्यावेत, हाच सोपा मार्ग.

बँकेच्या बाबतीत गोंधळ यूपीआयमुळे वाढतो. एकाच खात्यावर गिऱ्हाइकाचे पैसे, भावाने परत केलेले उसने, भाजी, शाळेची फी आणि पाइपवाल्याचे देणे, सगळे एकापाठोपाठ येते. वर्षअखेरीस उतारा काढला की भावाने परत केलेले पैसेही विक्रीसारखेच दिसतात. धंद्यासाठी वेगळे खाते उघडून काउंटरवरचा क्यूआर कोड त्यालाच जोडला, तर हे निस्तरण्याचे अर्धे काम वाचते. उरलेले अर्धे म्हणजे दर आठवड्याला उतारा समोर ठेवून प्रत्येक ओळीपुढे बिल क्रमांक किंवा कारण लिहिणे. आठवड्याच्या ओळी आठवतात, वर्षाच्या आठवत नाहीत.

‘मी अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत भरतो, मला वह्या कशाला?’ असे बरेच जण म्हणतात. त्या योजनेत तपशीलवार हिशेबवह्यांची सक्ती नाही, हे खरे. पण तिथे बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या उलाढालीवर किमान ६ टक्के आणि रोखीच्या उलाढालीवर किमान ८ टक्के नफा धरतात. आपल्या दुकानाची उलाढाल १८ लाख असून त्यातले १० लाख बँकेतून आले असतील, तर ६०,००० आणि ६४,००० मिळून १,२४,००० रुपये होतात. रोख आणि डिजिटल वेगळे दाखवता आले नाही, तर सगळ्यावर ८ टक्के लावून १,४४,००० धरावे लागतात. शिवाय विवरणपत्रात ३१ मार्चची येणी, देणी, मालाचा साठा आणि हातातली रोकड विचारतात. त्या संध्याकाळी पाइप, अँगल, रंगाचे डबे मोजून यादी केली नसेल, तर नंतर लिहिलेला आकडा निव्वळ अंदाज ठरतो.

मार्चची आणखी एक खोच टीडीएसमध्ये आहे. एका शाळेच्या खिडक्यांच्या ग्रिलचे ८०,००० रुपयांचे बिल मार्चमध्ये दिले. शाळेने ते मार्चमध्येच जमाखर्चात घेऊन १ टक्का, म्हणजे ८०० रुपये कापले आणि एप्रिलमध्ये ७९,२०० खात्यावर टाकले. मालकाने फक्त बँक पाहिली, तर उत्पन्न ८०० रुपयांनी कमी आणि पुढच्या वर्षात जाते. प्राप्तिकर खात्याच्या २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणात मात्र ८०,००० रुपये मार्चच्या तारखेला दिसतात. वह्या येण्या-देण्याच्या पद्धतीने ठेवल्या असतील, तर बिल ज्या वर्षीचे, त्याच वर्षी पूर्ण रक्कम धरावी. म्हणून विवरणपत्र भरण्याआधी ही दोन्ही विवरणे पोर्टलवरून उतरवून आपल्या बिलबुकाशी ओळीने ताडून पाहावीत. न जुळणारी ओळ तिथेच सापडली, तर नोटीस येत नाही.

पेट्रोलपंपावरच्या किंवा मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरे काही महिन्यांतच उडतात. त्यांचा फोटो काढून महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवावा. वेल्डिंग मशीनचे बिल मात्र वेगळ्या फाइलमध्ये जपावे. वह्या ठेवणाऱ्याला त्यावर दरवर्षी शिल्लक किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो. ४०,००० रुपयांच्या मशीनवर पहिल्या वर्षी ६,००० आणि त्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला असेल तर ३,००० रुपये. त्यासाठी खरेदीच्या तारखेशेजारी मशीन प्रत्यक्ष चालू केल्याची तारीखही बिलावर लिहून ठेवावी. आणि ४०,००० रुपये एकाच दिवशी रोख दिले असतील, तर त्या रकमेवर घसारा मिळतच नाही. बिल कितीही नीट जपलेले असो.