जाळी सहा इंच, तर खोली किती फूट?

सोसायटीच्या सभेत टेबल टेनिसचा विषय निघाला की पहिला प्रश्न किमतीचा येतो आणि दुसरा, ‘टेबल हॉलमध्ये बसेल ना?’ टेप काढला जातो, टेबल नऊ फूट बाय पाच फूट, हॉल त्याहून बराच मोठा, म्हणजे बसेल. टेबल खरंच बसतं, पण खेळणाऱ्यांना उभं राहायला जागा उरत नाही. महिनाभराने त्या टेबलावर गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या पसरलेल्या असतात.

टेबलाचं अधिकृत माप मेट्रिकमध्ये अवघड वाटतं: लांबी २.७४ मीटर, रुंदी १.५२५ मीटर, जमिनीपासून उंची ७६ सेंटिमीटर. हा खेळ इंग्लंडात वाढला, त्यामुळे फूट-इंचात मांडलं की हिशेब लगेच सरळ होतो. नऊ फूट लांब, पाच फूट रुंद, अडीच फूट उंच. जाळी सहा इंच उंच, म्हणजे १५.२५ सेंटिमीटर. ती टेबलाच्या रुंदीइतकीच नसते, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर जाते. पाच फुटांच्या टेबलावर सहा फुटांची जाळी. कडेच्या पांढऱ्या रेषा दोन सेंटिमीटर रुंद असतात. मधली लांबीची रेषा तीन मिलिमीटरची असते आणि ती फक्त दुहेरीच्या सर्व्हिससाठी लागते.

या सगळ्यात जाळीच्या सहा इंचांकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. खोली किती हवी, हे मात्र तिथेच ठरतं.

कागदावर टेबलाची बाजूने दिसणारी आकृती काढा. एका टोकाला आपण, साडेचार फुटांवर जाळी, तिथून पुढे साडेचार फुटांवर समोरच्याची शेवटची कड. आपल्या टोकाच्या अगदी वर असलेला चेंडू सरळ रेषेत जाळीला न लागता पलीकडच्या कडेवर टाकायचा, तर तो किती उंचीवर हवा? जाळी बरोबर मध्यावर आहे, त्यामुळे उत्तर जाळीच्या दुप्पट येतं, म्हणजे साधारण एक फूट. चेंडूची स्वतःची जाडी धरली तर आणखी दोन सेंटिमीटर. त्याखालच्या चेंडूवर सरळ फटका मारला तर तो जाळीत अडकतो किंवा टेबल ओलांडून बाहेर जातो. आता टेबलापासून साडेचार फूट मागे सरका. तिथून तीच रेषा काढली तर चेंडू टेबलाच्या पातळीपेक्षा दीड फूट वर, म्हणजे जमिनीपासून चार फुटांवर हवा. तिथे पोचेपर्यंत समोरून आलेला चेंडू बहुतेक वेळा खाली उतरू लागलेला असतो.

थोडक्यात, चांगल्या खेळाडूने टाकलेला चेंडू सरळ मारण्याजोगा क्वचितच मिळतो. त्याला वाकवून आणावं लागतं. त्यासाठी टॉपस्पिन लागतो: बॅट खालून वर, चेंडूला घासत नेली की चेंडू पुढच्या बाजूने खाली फिरत जातो, जाळीवरून जाताना उंच असतो आणि नंतर झपकन खाली येतो. हा फटका मनगटाच्या झटक्यात होत नाही. गुडघे वाकतात, कंबर वळते, हात मागे मांडीच्या पातळीपर्यंत जातो. प्रौढ माणसाचा हात आणि बॅट मिळून शरीराच्या मागे तीनेक फूट जागा सहज घेतात. तो स्वतः टेबलापासून दोन-तीन फूट दूर उभा असतो. बेरीज करा: पाच-सहा फूट तर फक्त बॅट भिंतीला आपटू नये म्हणून लागतात.

ही जाळी आधी आजच्यापेक्षा उंच होती, पावणेसात इंच. पाऊण इंचाचा फरक क्षुल्लक वाटेल, पण त्याने आक्रमण फार महाग केलं होतं आणि चेंडू नुसता ढकलत राहणारा जिंकू लागला होता. १९३६ साली प्रागच्या जागतिक स्पर्धेत पोलंडचा एर्लिख आणि रुमानियाचा पानेथ यांच्यात एका गुणासाठी दोन तासांहून अधिक वेळ चेंडू इकडून तिकडे जात राहिला. त्यानंतर लवकरच जाळी सहा इंचांवर आली आणि सामन्यांना वेळेची मर्यादाही लागली. नियमाची इतकी थेट कारणमीमांसा फार कमी खेळांत सापडते.

जाळी उतरली, पण खेळाडूंना टेबलापासून खरं दूर ढकललं ते बॅटवरच्या रबराने, आणि तो किस्सा मुंबईचा आहे. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीचं विजेतेपद घेऊन गेला. स्पंजवरून चेंडू वेगाने आणि जवळजवळ आवाज न करता निघायचा. पुढे स्पंजवर रबर चढवून फिरकी आणि वेग दोन्ही एकत्र आले. इतक्या वेगाचा चेंडू घ्यायला वेळ हवा, आणि वेळ मिळवायचा तर मागे सरकावं लागतं.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी एका टेबलामागे किमान १४ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच जागा लागते. फुटांत ती ४६ बाय २३ होते. टेबल मध्यावर ठेवलं की दोन्ही टोकांमागे प्रत्येकी साडेअठरा फूट आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ फूट उरतात. म्हणजे टेबलाच्या प्रत्येक अंगाला आणखी एक टेबल लांबीच्या बाजूने आडवं मावेल.

सोसायटीला एवढं नको. पण किमान किती, याचा एक चांगला पुरावा चेंडूच देतो. मध्यम वेगाचा चेंडू पलीकडच्या कडेजवळ टप्पा घेऊन उसळतो, वर जातो, मग टेबलापलीकडे जमिनीवर येतो. टप्पा घेतल्यापासून जमिनीवर पडेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ जातो आणि तेवढ्यात तो दहा फुटांच्या आसपास अंतर कापतो. मागची भिंत पाच फुटांवर असेल तर चेंडू खाली येण्याआधीच भिंतीवर आदळतो आणि खेळाडूला तो घेण्याची संधीच मिळत नाही. सात-आठ फूट असतील तर गुडघ्याच्या उंचीपर्यंत उतरलेला चेंडूही परतवता येतो. नियमांच्या पुस्तकात नसलेली, पण हाताशी ठेवावी अशी ही मर्यादा आहे.

आता एक हॉल घेऊ. समजा पुण्यातल्या एखाद्या सोसायटीचा हॉल २५ फूट बाय १५ फूट आहे, छत दहा फुटांवर, एका टोकाला दीड फूट खोल कपाट. लांबीतून कपाटाचा दीड फूट आणि टेबलाचे नऊ फूट वजा केले की साडेचौदा उरतात, म्हणजे दोन्ही टोकांना सव्वासात-सव्वासात. रुंदीत पंधरामधून पाच गेले की प्रत्येक बाजूला पाच फूट. हौशी एकेरीसाठी हा हॉल चांगला आहे. दुहेरीतही चालेल, जरी तिथे भागीदाराला फटक्यानंतर बाजूला होऊन मागून फिरावं लागतं आणि पाच फूट त्याला जेमतेम पुरतात. अशा हॉलमध्ये कुणीतरी नक्की सुचवतो, ‘मग दोन टेबलं का नाही?’ पंधरा फुटांत दोन टेबलं शेजारी लावली तर टेबलांचेच दहा फूट झाले. उरलेले पाच फूट भिंत, मधली वाट आणि दुसरी भिंत यांत वाटायचे. एकाचा फोरहँड दुसऱ्याच्या बरगडीत जाईल. कपाट मात्र हलवा, त्या दीड फुटाने दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंच वाढतात.

रुंदीत काटकसर करणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. टेबलाच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली सर्व्हिस किंवा फिरकी चेंडूला कडेबाहेर काढते, आणि परतवणारा टेबलाच्या मागे नाही, बाजूला धावतो. चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्यांच्या स्पर्धांचे नियम पाहिले की हे कळतं. तिथे जागा कमी करायची मुभा आहे, पण किमान ८ बाय ६ मीटर ठेवावी लागते. लांबीतून सहा मीटर कापले गेले, रुंदीतून फक्त एक. अशा टेबलाचे पायही शेवटच्या कडेपासून निदान ४० सेंटिमीटर आत असावे लागतात, नाहीतर खुर्ची टेबलाखाली पुरेशी जात नाही. टेबल विकत घेताना ही एक गोष्ट पाहून ठेवावी.

छताचं काय? दहा फुटांच्या छताखाली टेबलाच्या वर साडेसात फूट राहतात. घरगुती खेळाला ते पुरतात. पण स्वतःला सावरायला वेळ मिळावा म्हणून उंच टोलवलेला चेंडू छताला लागला की गुण गेला. खरी अडचण पंख्याची. पंखा अंतर खातो आणि वाराही घालतो. चेंडूचं वजन फक्त २.७ ग्रॅम आहे, वेगात असलेल्या पंख्याखाली तो सरळ येतच नाही. टेबल पंख्याखालून बाजूला सरकवता आलं तर उत्तम, नाहीतर खेळताना पंखा बंद ठेवण्याचा नियम करावा. ट्यूब मात्र टेबलाच्या लांबीला समांतर, दोन्ही अंगांना हव्यात. जाळीवर एकच दिवा टांगला तर दोन्ही टोकं अंधारात जातात. खेळाडूच्या पाठीमागे मोठी उजेडाची खिडकी असेल तर समोरच्याला पांढरा चेंडू दिसतच नाही. तिथे गडद पडदा लावावा.

टेबल आलं की मापं दुकानदाराच्या भरवशावर सोडू नका. उंची चारही कोपऱ्यांवर मोजा, ७६ सेंटिमीटर. बरेचसे पाय स्क्रूने वर-खाली होतात. मग चेंडू ३० सेंटिमीटरवरून सोडा. टप्पा सुमारे २३ सेंटिमीटर उसळायला हवा, आणि टेबलाच्या मध्यावर, कडेला, जोडाजवळ, सगळीकडे सारखा. स्वस्त पातळ फळीच्या टेबलावर कडेजवळ तो मेलेला निघतो. शेवटी जाळी. १५.२५ सेंटिमीटरचा पुठ्ठा कापून मध्ये आणि दोन्ही खांबांजवळ लावून पाहा. सैल जाळी मध्ये झोळ घालते. पंच मापन करतात तेव्हा मध्यावर शंभर ग्रॅमचं वजन टांगतात आणि जाळी सेंटिमीटरभरच खाली जाते ना, ते बघतात. घरी तशी खटपट नको. खांबाच्या कडेला असलेली दोरी ओढून बांधली आणि जाळीचा खालचा काठ टेबलाला टेकला तर पुरे. खालून फट राहिली तर चेंडू त्यातून निसटतो आणि मग भांडण होतं, कारण तो जाळीखालून गेला की वरून, हे दोघांपैकी एकालाच दिसलेलं असतं.