उस्तादाची पेस स्टिक आणि नडगीचं हाड

चेन्नईच्या परंगीमलै भागात, म्हणजे सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी, लष्कराची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी आहे. चीनशी झालेल्या युद्धानंतर सैन्याला तातडीने तरुण अधिकारी हवे होते, म्हणून 1963 साली ती सुरू झाली. पदवी घेऊन आलेली मुलं आणि 1992 पासून मुलीही इथे साधारण 49 आठवडे प्रशिक्षण घेतात आणि लेफ्टनंट होऊन बाहेर पडतात. एप्रिलच्या कोर्सला दाखल झालेल्या सांगलीकडच्या एका कॅडेटने महिनाभराने आपल्या कॉलेजमित्राला चार पानांचं पत्र लिहिलं. मित्र ऑक्टोबरच्या कोर्सची वाट पाहतो आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत मोबाइल सहज हाताशी नसतो, त्यामुळे सांगायचं ते कागदावर आलं आणि सविस्तर आलं.

पत्रात तक्रारी तीनच आहेत: झोप, हात आणि नडगी. एरवी असल्या तक्रारींवर ‘होईल सवय’ म्हणून पडदा टाकला जातो. पण सवय होते म्हणजे शरीरात नेमकं काय होतं, हे पाहिलं तर या तीन गोष्टी तीन वेगळ्या वेगांनी बदलतात असं दिसतं. पहिल्या महिन्याची बरीचशी ओढाताण या वेगांच्या फरकातून येते.

‘भावा, साडेचारला उठणं अवघड नाही. उठल्यावर जागं होणं अवघड आहे,’ असं तो लिहितो. कॉलेजात हा मुलगा रात्री एकला झोपायचा आणि साडेआठला उठायचा. झोपेचं चक्र शरीराच्या तापमानाशी बांधलेलं असतं. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास तापमान सर्वांत खाली जातं आणि त्या सुमारास झोपेची ओढ सर्वांत जास्त असते. त्याच्या बाबतीत ही वेळ पहाटे सहाच्या आसपास येत होती. म्हणजे पहिल्या आठवड्यात दाढी करून, बूट चमकवून तो पीटीच्या फॉल-इनला उभा राहायचा, तेव्हा त्याच्या शरीराच्या हिशोबाने ऐन मध्यरात्र चालू असायची.

हे घड्याळ प्रामुख्याने उजेडाने फिरतं. तापमान तळाला जाऊन गेल्यावर डोळ्यांवर उजेड पडला, तर दुसऱ्या दिवशी झोप थोडी लवकर येते. तळाच्या आधी पडला, तर ती उलट लांबते. एप्रिलअखेर चेन्नईत पावणेसहा ते सहाच्या दरम्यान सूर्य उगवतो. त्यामुळे सुरुवातीचे दिवस हा उजेड सीमारेषेवर पडतो आणि फारशी मदत करत नाही. घड्याळ सरकायला लागल्यावरही दिवसाला फार तर तासभर सरकतं. त्यात रात्री खोली लावणं, कपड्यांना इस्त्री, सिनियरांची बोलावणी यांत अकरा वाजतात आणि झोप साडेपाच तासांवर येते. वर्गात डुलकी लागली की मागे जाऊन उभं राहायचं, ही तिथली रीत. पत्रात त्याने एक वाक्य लिहिलं आहे: ‘पहिल्या आठवड्यात लष्करी इतिहास मी उभ्यानेच शिकलो.’ तिसऱ्या आठवड्यात मात्र रात्री दहालाच डोळे मिटू लागले. पडणारी झोपेची तूट भरली नव्हती, पण घड्याळ जागेवर आलं होतं.

दुसरी तक्रार हातांची. ड्रिल होतं त्या परमेश्वरन ड्रिल स्क्वेअरचं नाव मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्यावरून आलं आहे. ते मुंबईत जन्मले, मुंबईतच शिकले, 1972 साली याच संस्थेतून महार रेजिमेंटमध्ये गेले आणि 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत लढताना शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या मैदानावर पहिल्याच दिवशी ‘तेज चल’ असा हुकूम आला आणि आपला कॅडेट उजव्या पायासोबत उजवा हात पुढे करून चालू लागला. मागच्या रांगेत आणखी दोघांचं तेच झालं.

यात बावळटपणा काही नाही. चालताना उलटा हात आणि उलटा पाय पुढे जाणं हे माणूस विचार करून करत नाही. पाठीच्या कण्यातली मज्जातंतूंची जाळी तो ताल परस्पर सांभाळतात. पण कोपर न वाकवता, मूठ बंद ठेवून, हात खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचा, टाच आधी टेकवायची, नजर समोर आणि हनुवटी वर ठेवायची, अशा सूचना एकदम आल्या की मेंदू त्या आपोआप चालणाऱ्या कामात हात घालतो आणि ताल मोडतो. यावर उस्तादांचा उपाय जुना आणि अचूक आहे. ते चाल तोडतात. ‘एक’ म्हटलं की डावा पाय आणि उजवा हात पुढे, आणि तिथेच थांबायचं. कोणाचा हात कमी, कोणाचं कोपर वाकलेलं, हे तपासून झालं की मग ‘दो’. तासभर असं तुकड्यांत केल्यावर वेग वाढवतात. ‘चौथ्या दिवशी हात सुटले,’ असं पत्रात आहे. तीन तक्रारींपैकी सर्वांत लवकर मिटली ती ही.

वेग ठरलेला असतो: मिनिटाला 120 पावलं, प्रत्येक पाऊल 30 इंचांचं. म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक पाऊल आणि मिनिटाला सुमारे 91 मीटर. उस्तादाच्या हातात कंपासासारखी उघडणारी लाकडी पेस स्टिक असते. ती 30 इंचांवर लावून तो रांगेच्या बाजूने फिरवत जातो आणि कोणाचं पाऊल लांब, कोणाचं आखूड ते लगेच दिसतं. ही काटेकोरता उगाच नाही. एखाद्याचं पाऊल फक्त एक इंचाने आखूड पडलं, तरी 20 सेकंदांत, म्हणजे 40 पावलांत, तो 40 इंच मागे पडतो. मागचा त्याच्या टाचेवर येतो आणि सगळी फाइल वाकडी होते.

मित्राने फोनवर एकदा विचारलं होतं की ड्रोनच्या काळात हे कशाला? प्रश्न रास्त आहे. महादजी शिंद्यांनी डी बॉयनकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या, तेव्हा कवायत हीच लढाई होती. ठासणीच्या बंदुका एका हुकुमावर भरून एकदम झाडल्या तरच त्यांचा उपयोग होई. आज रणांगणावर कोणी रांगेने चालत नाही. तरीही काही उरतं. अमेरिकन इतिहासकार विल्यम मॅकनील यांना 1941 साली सक्तीच्या भरतीत टेक्सासच्या तळावर पाठवलं होतं. शिकायला पुरेशी शस्त्रंच नव्हती, म्हणून त्यांना तासन्‌तास नुसतं चालवलं जाई. त्या निरर्थक चालण्यातून एक विलक्षण बरं वाटणं आणि बरोबरीच्यांविषयी आपलेपणा निर्माण झाला, हे ते विसरले नाहीत. 1995 साली त्यांनी ‘कीपिंग टुगेदर इन टाइम’ हे पुस्तक याच अनुभवाचा माग काढत लिहिलं. आपल्या कॅडेटने हे पुस्तक पाहिलेलंही नाही. तो लिहितो: ‘गेल्या शुक्रवारी साठ टाचा एकदम पडल्या. उस्ताद काहीच बोलला नाही. भावा, त्या दिवशी दुखणं आठवलं नाही.’

दुखणं होतं नडगीचं, आणि तो पत्रातला खरा महत्त्वाचा भाग आहे.

रोज धावणं, टाच मारून चालणं, सिमेंटवर उभं राहणं याने नडगीच्या हाडात अतिसूक्ष्म इजा होतात. शरीर त्या दुरुस्त करतं, पण आधी इजा झालेला भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. काढायला काही आठवडे पुरतात, भरायला सुमारे तीन महिने लागतात. म्हणजे नव्या कॅडेटचं हाड मजबूत होण्याआधी काही काळ कमजोर होतं, आणि हा काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून येतो. नेमकं तेव्हाच स्नायू तयार झालेले असतात, दम वाढलेला असतो आणि अंगात जोर वाटू लागतो. याच काळात मुलं फसतात. 1855 साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचं वर्णन केलं होतं. हाडाला तडा गेलेला आहे हे एक्स-रेचा शोध लागल्यानंतर कळलं.

पावलाची लांबी यात कळीची ठरते. उंचीने कमी असलेल्याला 30 इंच गाठायला पाय ताणावा लागतो आणि तो ताण कमरेच्या हाडापर्यंत जातो. ऑस्ट्रेलियन सैन्यात स्त्री रिक्रूटांच्या कटिहाडाला तडे जात होते. तिथे चालण्याचा वेग उतरवला, स्वतःच्या सोयीचं पाऊल टाकू दिलं, धावणं कमी केलं आणि तडे जाण्याचं प्रमाण घटलं. 1999 साली हा अनुभव प्रसिद्ध झाला. रांगेच्या सौंदर्यासाठी मोजलेला इंच कोणाच्या हाडातून वसूल होतो, हा प्रश्न प्रत्येक अकादमीने विचारायला हवा.

कॅडेटची डावी नडगी तिसऱ्या आठवड्यात दुखू लागली. शेजारच्या खोलीतल्या मुलाचीही. दोघं एमआय रूममध्ये गेले. डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली: ‘बोटाने दाखव, कुठे दुखतं.’ याने नडगीच्या आतल्या कडेवरून पाच-सहा इंचांची पट्टी दाखवली. धावायला लागल्यावर दुखणं कमी व्हायचं, रात्री नसायचं. ही हाडालगतच्या आवरणाची कुरकूर होती. पाच दिवस धावण्यातून सूट आणि बर्फ यावर ती निवळली. शेजाऱ्याने एका बोटाचं टोक एकाच जागी टेकवलं. त्याला धावताना दुखणं वाढत होतं आणि अंथरुणातही ठणकत होतं. त्याचा एक्स-रे स्वच्छ आला, पण डॉक्टर तिथे थांबले नाहीत, कारण असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसत नाही. एमआरआयमध्ये तो दिसला. आता त्याला सहा ते आठ आठवडे विश्रांती आहे.

एवढं प्रशिक्षण बुडालं की पुढच्या टर्ममध्ये ढकललं जाण्याची, म्हणजे रेलिगेट होण्याची भीती असते. म्हणूनच मुलं दुखणं लपवतात, गोळी घेऊन रांगेत उभी राहतात, आणि केसाएवढा तडा पूर्ण मोडण्यापर्यंत जातो. लवकर सांगणाऱ्याचे आठवडे जातात, लपवणाऱ्याचं कधीकधी वर्ष जातं. शेजाऱ्याने वेळेवर सांगितलं, याचं कॅडेटला मनापासून कौतुक वाटतं, आणि ते रास्तच आहे.

चौथं पान मित्रासाठी आहे. ड्रिल स्क्वेअर टेस्ट जवळ आली आहे. तीत वळणं, थांबणं, सलामी तपासतात आणि ती पास होईपर्यंत सुट्टीच्या दिवशी शहरात जायला मिळत नाही. पण ड्रिलचा सराव घरी करू नकोस, असं तो बजावतो. चुकीचं बसलेलं मोडायला उस्तादाला दुप्पट वेळ लागतो. आत्तापासून करायचं ते हाडाचं आणि झोपेचं. धावणं आजच सुरू कर, मातीवर कर, अंतर थोडं थोडं वाढव आणि आठवड्यातून एक दिवस पायांना पूर्ण सुट्टी दे. ऑक्टोबरपर्यंतचे पाच महिने हाडाला पुरतात, शेवटचे तीन आठवडे पुरत नाहीत. उठण्याची वेळ दर आठवड्याला पाव-अर्धा तास अलीकडे आण आणि उठल्याबरोबर बाहेर उजेडात जा.

मित्राने ते मनावर घेतलं आहे. सध्या तो सातला उठून शेताच्या बांधावरून दोन किलोमीटर धावतो. पुढच्या सोमवारपासून गजर पावणेसातचा आहे.