मातीच्या भिंती : कोठे योग्य, कोठे अयोग्य

पोखर्णी येथील नियोजित नातेवाईक निवासाच्या भिंती दाबीव मातीच्या विटांनी बांधाव्यात, अशी सूचना आल्यापासून अनेक देणगीदारांनी एकच प्रश्न विचारला : मातीची भिंत टिकेल काय? किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपाच्या आठवणीमुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर येथे देत आहोत.

किल्लारीस कोसळलेल्या बहुसंख्य भिंती परस्परांत न गुंफलेल्या दगडांच्या व मातीच्या गाऱ्याच्या होत्या, आणि त्यांवर मातीच्या जाड थराच्या छताचे ओझे होते. प्रस्तुत वीट निराळी आहे. चाळलेल्या मातीत वजनाच्या सुमारे ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून, थोडे पाणी शिंपडून, हातयंत्राने दाबून ती बनते. भट्टीत जात नाही. या यंत्रांचा आरंभ १९५६ च्या सुमारास कोलंबियातील सिनव्हा-राम यंत्राने झाला. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने व ऑरोव्हिलने हे तंत्र पुढे नेले. भट्टीचे इंधन वाचत असल्याने अशा विटांच्या बांधकामास भाजलेल्या विटांच्या बांधकामाच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ऊर्जा पुरते, असे विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी २००३ मध्ये दाखविले. कार्बनची बचत होते ती येथे. सिमेंट वाढवीत गेल्यास ती घटत जाते.

परंतु सर्वच माती चालत नाही, आणि परभणी जिल्ह्याची खरी अडचण हीच आहे. आपली काळी माती पाण्याने फुगते व उन्हात भेगाळते; त्यामुळे थोड्या सिमेंटचा बंध ती तोडून टाकते. सिमेंटच्या विटेस चिकणमातीचा अंश सुमारे १५ ते २० टक्के असलेली, वाळूयुक्त माती लागते. काळ्या मातीत तो अंश ५० टक्के असेल, तर तो १५ वर आणण्यास एका भाग मातीत सव्वादोन भागांहून अधिक वाळू घालावी लागेल. एवढी वाळू दुरून आणण्यापेक्षा काळ्या थराखालचा बारीक मुरूम घेणे उचित. गावठाणाच्या जुन्या पांढरीची माती घेऊ नये. तिच्यात बहुधा क्षार असतात व ते भिंतीचे पापुद्रे काढतात.

मातीची परीक्षा सोपी आहे. ६० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद व तितक्याच खोल लाकडी पेटीत ओली माती ठासून भरावी व वाळू द्यावी. वाळलेले तुकडे एका टोकास सरकवून उरलेली फट मोजावी. फट ६ सेंटिमीटरहून अधिक असल्यास ती माती नाकारावी. जितकी कमी, तितके सिमेंट कमी पुरते. पाणी घातलेले मिश्रण अर्ध्या तासाच्या आत दाबून संपवावे. विटा पहिले दोन दिवस झाकून, पुढे चार आठवडे ओल्या ठेवाव्यात. घाईने उन्हात टाकलेली वीट नखाने खरवडली जाते. एक दिवस पाण्यात बुडवून काढलेल्या विटेची जी ताकद भरेल, तीच हिशेबात धरावयाची.

एक उदाहरण घेऊ. ४ मीटर बाय ३ मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीस दारे-खिडक्या वजा जाता सुमारे ३८ चौरस मीटर भिंत लागते. २४ सेंटिमीटर जाडीस ती ९ घनमीटर, म्हणजे सुमारे १७ टन होते. ५ टक्के प्रमाणाने विटांस सिमेंटची सुमारे १७ पोती लागतील. सांध्यांचे सिमेंट निराळे.

साच्यात थराथराने माती कुटून उभारलेली भिंत याच तत्त्वावर उभी राहते. परंतु ती सहसा ३० सेंटिमीटर वा अधिक जाड करावी लागते आणि तीस मजबूत साचे व सरावाचे गवंडी लागतात. म्हणून आम्ही विटेस प्राधान्य दिले.

दोन्ही पद्धती एक-दोन मजली, कोरड्या जोत्यावरील व रुंद पन्हाळीच्या छताखालील इमारतीस साजतात. स्नानगृहे, शौचालये, तसेच वारंवार धुतल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया विभागासाठी त्या योग्य नाहीत. तेथे भाजलेली वीट व फरशीच हवी. पाया काळ्या मातीत ठेवल्यास खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात. हा दोष विटेचा नसून पायाचा असतो. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा. भूकंपासाठी जोते, दारांचा माथा व छत या तीन पातळ्यांवर काँक्रीटचे सलग पट्टे आवश्यक आहेत.

म्हणून निवासाच्या खोल्यांच्या भिंती मातीच्या विटांच्या, तर स्नानगृहे भाजलेल्या विटांची, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. मुरमाची परीक्षा समाधानकारक झाली तरच विटांचे यंत्र मागवावे, ही आमची शिफारस आहे.