उशिरा येणाऱ्या ग्राहकाचं काय करायचं?

डोंबिवली-ठाण्याकडच्या कुठल्याही लहान ब्युटी पार्लरमध्ये शनिवारी संध्याकाळी डोकावलं, तर बाकावर तीन-चार जणी ताटकळत बसलेल्या दिसतील. सातची वेळ घेतलेली बाई पावणेआठला खुर्चीवर बसते, आणि पार्लर चालवणारी ताई सकाळपासून धड जेवलेलीही नसते. याचा दोष बहुतेक वेळा संध्याकाळच्या गर्दीवर टाकला जातो. खरं तर घोळ सकाळीच झालेला असतो. पहिल्या-दुसऱ्या अपॉइंटमेंटला कोणीतरी वीस-पंचवीस मिनिटं उशिरा आलेलं असतं, आणि ती मिनिटं दिवसभर एकीकडून दुसरीकडे सरकत राहतात.

एक सकाळ मांडून बघू. समजा पार्लरमध्ये एक ताई आहे आणि हाताखाली एक मदतनीस मुलगी. 11 वाजता एका काकूंचं रूट टचअप आहे, म्हणजे मुळांशी आलेल्या पांढऱ्या केसांना रंग लावायचा. रंग लावायला अर्धा तास, तो केसांवर ठेवायला 35 मिनिटं, मग धुणं आणि ब्लो-ड्राय मिळून 25 मिनिटं. साडेबाराला काकू मोकळ्या. रंग मुरत असताना ताईचे हात रिकामे असतात, म्हणून 11.30ला एका मुलीचा हेअरकट घेतलेला आहे. 12.30ला एकीचं तासाभराचं फेशियल, 1.30 ते 2 जेवण, आणि दोनला पुढची ग्राहक.

काकू 11ऐवजी 11.25ला आल्या. जुन्या ग्राहक, ताईला नाही म्हणवत नाही, म्हणून ती लगेच रंग लावायला घेते. आता वेळेवर आलेली हेअरकटची मुलगी 11.55पर्यंत बसून राहते. काकूंचे केस धुऊन, वाळवून होईपर्यंत 12.55 होतात, म्हणजे फेशियल पंचवीस मिनिटं उशिरा सुरू होतं आणि 1.55ला संपतं. ताईचं जेवण गेलं. उशीर एकीचा, भुर्दंड तिघींना. आणि गंमत अशी की ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, त्या काकूंना यातलं काहीच कळलेलं नसतं. त्यांच्या लेखी उशिरा येऊनही सगळं छान पार पडलं, म्हणून पुढच्या वेळीही त्या निवांत निघतात.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे काम उरकून घ्यायचं. पण कुठलं काम उरकता येतं आणि कुठलं नाही, हे आधी ठरलेलं असायला हवं. रंगाची 35 मिनिटं कमी करता येत नाहीत. लवकर धुतलं तर पांढरे केस नीट झाकले जात नाहीत, आणि आठवड्याभरात ग्राहक तक्रार घेऊन येते. रंग आधी कालवून ठेवून वेळ वाचवू म्हटलं, तर तेही जमत नाही. रंग आणि डेव्हलपर एकत्र झाले की रासायनिक क्रिया सुरू होते, आणि ‘पोहोचतेच आहे’ म्हणणारी बाई अर्ध्या तासाने आली तर वाटीतलं मिश्रण फेकून द्यावं लागतं. याउलट ब्लो-ड्राय सोडता येतो, फेशियलमधला मसाज पाच-सात मिनिटांनी आटोपता येतो, हेअरकटआधी केस धुण्याऐवजी नुसते ओले करून कापता येतात. प्रत्येक कामासमोर ‘यातून काय गाळता येईल’ हे एका कागदावर लिहून ठेवलं, की उशीर झाल्यावर घाईत डोकं चालवावं लागत नाही.

दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते सगळं धोरण त्याच्यावरच उभं राहतं: सरकायचं ते उशिरा आलेल्या माणसाने, वेळेवर आलेल्याने नाही. तीच सकाळ या पद्धतीने पुन्हा लावू. काकू 11.25ला आल्या; त्यांना बसवलं, पाणी दिलं, पण खुर्ची 11.30ला हेअरकटच्या मुलीला मिळाली. ती बाराला मोकळी. बारा ते साडेबारा काकूंना रंग लावला. साडेबाराला ताईने ठरल्या वेळी फेशियल सुरू केलं. 1.05ला मदतनीस मुलीने काकूंचे केस धुतले, ब्लो-ड्राय गाळला, नुसते वाळवून दिले. 1.20ला काकू घरी निघाल्या. ठरल्यापेक्षा पन्नास मिनिटं उशीर झाला खरा, पण काम पूर्ण झालं, दुसरी कोणीही थांबली नाही, आणि ताई दीडला जेवायला बसली. जो ब्लो-ड्राय दिलाच नाही, त्याचे पैसे बिलातून कमी करायचे. तिथे घासाघीस करू नये. ही मांडणी मदतनिसाला केस धुता येत असतील तरच जमते. ताई एकटी असेल, तर काकूंना त्याच दिवशी संध्याकाळची किंवा दुसऱ्या दिवसाची वेळ देण्यावाचून इलाज नाही.

म्हणून नियम साधा ठेवता येतो. दहा मिनिटांपर्यंतचा उशीर धरायचाच नाही. तेवढी लिफ्ट, रिक्षा आणि पार्किंग खातं. दहा ते वीस मिनिटं झाली तर काम होईल, पण गाळता येण्याजोगा भाग गाळून. वीसच्या पुढे गेलं तर मधली रिकामी जागा सापडली तर त्या जागी, नाहीतर नवी वेळ. हे आकडे तासाभराच्या कामाला बसतात. अर्ध्या तासाच्या हेअरकटला वीस मिनिटांची मुभा दिली तर हातात काही उरतच नाही. तिथे दहा मिनिटांनंतर थेट पुढची मोकळी जागा शोधायची. आयब्रोसाठी तर वेळ देण्याचीही गरज नसते. ते मधल्या फटीत होऊन जातं.

इथे बरेच जण विचारतात, सरळ दंडच का लावू नये? दहा मिनिटांमागे पन्नास रुपये. इस्राएलमधल्या हैफा शहरात 1998 साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी, उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी, नेमकं हेच दहा पाळणाघरांत तपासलं. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यातल्या सहा पाळणाघरांनी छोटासा दंड सुरू केला. उशिरा येणारे पालक कमी व्हायच्या ऐवजी वाढले, जवळपास दुप्पट झाले. आधी बाई आपल्यासाठी खोळंबली याची लाज वाटायची; आता पैसे भरले की हिशेब मिटला. पुढे दंड काढून टाकला, तरी उशिरा येणाऱ्यांची संख्या खाली आली नाही. पार्लरला हा धडा जसाच्या तसा लागू होतो. दंड घेतला की उशिराची किंमत ठरते, आणि जिला ती परवडते ती निर्धास्तपणे उशिरा येते. शिवाय त्या पन्नास रुपयांनी हेअरकटच्या मुलीची वाया गेलेली पंचवीस मिनिटं परत येत नाहीत.

आगाऊ रक्कम ही मात्र वेगळी गोष्ट आहे. स्मूदनिंगसारखी तीन-चार तासांची कामं किंवा नवरीचा मेकअप यांसाठी ती घ्यावीच, कारण तिथे ग्राहक आलीच नाही तर अर्धा दिवस रिकामा जातो. ती बिलात वळती होते, आणि आदल्या दिवशी कळवलं तर पुढच्या तारखेला लागू पडते, हे पैसे घेतानाच सांगायचं.

आता प्रश्न जुन्या ग्राहकांचा. पंधरा वर्षं येणाऱ्या काकूंना एक दिवस दारावर सूचनेचा कागद चिकटवलेला दिसला, तर त्यांना तो आपल्यालाच उद्देशून लिहिलाय असं वाटणार, आणि त्यांचं वाटणं चूक नसणार. नियम लागू होण्याआधी महिनाभर प्रत्येक जुन्या ग्राहकाला त्या खुर्चीवर बसलेल्या असतानाच तोंडी सांगावं: ‘काकू, पुढच्या महिन्यापासून मी वेळेचं जरा काटेकोर करतेय. मागच्या शनिवारी तुम्हालाच पाऊण तास बसावं लागलं होतं ना, तसं पुन्हा व्हायला नको.’ जी बाई स्वतः कधीतरी थांबलेली आहे, तिला हे पटवावं लागत नाही.

प्रत्यक्ष उशीर झाल्यावर वापरायचे शब्दही ठरलेले असावेत, कारण ते बहुतेक वेळा मदतनीस मुलीच्या तोंडून जाणार असतात आणि तिला मोठ्या बाईला नाही म्हणणं जड जातं. ‘तुम्हाला उशीर झाला’ असं म्हणू नये; ते त्यांनाही माहीत असतं. ‘या काकू, बसा. आता साडेअकराची ताई आलीये, तिचं झालं की बाराला तुमचं घेते. तोपर्यंत थांबता, की संध्याकाळी पाचला येता?’ यात आरोप नाही, दोन वाटा आहेत आणि निवड काकूंची आहे. फोनवरही ‘किती वेळ लागेल?’ विचारलं की उत्तर ‘पाच मिनिटं’ असंच येतं. ‘कुठपर्यंत आलात?’ विचारावं. ‘आत्ता निघतेय’ म्हटलं की काय ते कळतं.

निष्ठावान ग्राहकाला सवलत जरूर द्यावी, पण ती आपल्या खिशातून द्यावी, दुसऱ्या ग्राहकाच्या वेळेतून नाही. दिवाळीआधीच्या गर्दीत त्यांना आधी वेळ निवडू द्यावी, कोणाची अपॉइंटमेंट रद्द झाली तर पहिला फोन त्यांना करावा, त्यांच्याकडून आगाऊ रक्कम मागू नये. कोणी आजारी असेल, लोकल बंद पडली असेल, तर ताईने आपल्या जेवणाची वेळ मोडून त्यांना घ्यावं; ती वेळ तिची स्वतःची आहे. रविवारचा मेगाब्लॉक मात्र आधीच जाहीर होतो, म्हणून शनिवारच्या आठवणीच्या मेसेजमध्येच तो लिहून टाकावा.

काही जणी दर वेळी उशिरा येतात. त्यांना अर्धा तास आधीची खोटी वेळ सांगायची युक्ती अनेकजण करतात. ती फार दिवस टिकत नाही. एकदा वेळेवर येऊन बसावं लागलं की त्यांना डाव कळतो, आणि मग पुढच्या प्रत्येक वेळेतून त्या अर्धा तास वजा करतात. त्यापेक्षा कारण विचारावं. अकराला न पोहोचणारी बाई नातवाची स्कूलबस आली की निघते, आणि बस अकरालाच येते, असं निघू शकतं. तिची वेळ साडेअकरा केली की प्रश्नच उरत नाही. ज्यांचं कारणच सापडत नाही, त्यांना जेवणाच्या सुट्टीआधीची किंवा दिवसातली शेवटची वेळ द्यावी, म्हणजे त्यांचा उशीर तिसऱ्याच कोणाच्या अंगावर येत नाही.

हे सगळं सुरू करण्याआधी दोन आठवडे वहीत तीन रकाने ठेवावेत: दिलेली वेळ, ग्राहक आल्याची वेळ, काम सुरू झाल्याची वेळ. पहिल्या दोन रकान्यांत फरक असेल तर उशीर ग्राहकाचा. पण ग्राहक वेळेवर आलेली आणि काम वीस मिनिटांनी सुरू झालेलं, अशा ओळी एकामागून एक दिसू लागल्या, आणि त्यांच्या आधी कोणीच उशिरा आलेलं नसेल, तर चूक वेळापत्रकात आहे. कंबरेपर्यंतच्या केसांच्या टचअपला आणि खांद्यापर्यंतच्या केसांच्या टचअपला सारखाच वेळ धरलेला असतो, धुण्या-वाळवण्यात जास्तीची दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि शिक्षा उगाच ग्राहकाला होते. अशा वेळी आधी कामांच्या वेळा दुरुस्त कराव्यात, सकाळच्या दोन कामांनंतर पंधरा मिनिटं मोकळी सोडावीत, आणि मगच नियमाची तारीख ठरवावी. आणि ज्या दिवशी ताईचंच काम दहा मिनिटांहून जास्त लांबतंय असं दिसेल, त्या दिवशी पुढच्या ग्राहकाला ती घरून निघण्याआधी फोन जायला हवा: ‘ताई, माझ्याकडे वीस मिनिटं उशीर आहे, तुम्ही साडेपाचऐवजी पाच पन्नासला या.’