गुंठ्याला किती शब्द लागतात?

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. हे सांगायला एक ओळ पुरते. तरीही ‘एक गुंठा म्हणजे किती चौरस फूट’ असं मोबाइलवर शोधून समोर येणारी चार-सहा पानं उघडून पाहा. एखादं पान हमखास ‘महाराष्ट्र हे कृषिप्रधान राज्य आहे’ इथून सुरू झालेलं दिसेल. मग जमीन मोजणीचा इतिहास, मग मोजमापाचं महत्त्व, आणि बराच वेळ अंगठ्याने पान वर सरकवल्यावर कुठेतरी तो आकडा. लिहिणाऱ्याला आकडा माहीत नव्हता असं नाही. त्याला हजार शब्द भरायचे होते.

वेबसाइटसाठी लेख लिहून घेताना लेखकाच्या हातात एक ब्रीफ दिलं जातं. त्यात कीवर्ड असतो, शीर्षक असतं आणि शब्दसंख्येचा एक रकाना असतो. हा रकाना बहुतेक वेळा विषय न पाहताच भरलेला असतो: सगळ्यांना सरसकट १,००० किंवा १,५००. मानधनही बऱ्याचदा शब्दावर ठरतं, त्यामुळे पाल्हाळ लावणाऱ्या लेखकाला दोष तरी कसा द्यायचा?

हा आग्रह आला कुठून, तेही पाहू. बॅकलिंको या इंग्रजी वेबसाइटने २०१६ मध्ये दहा लाख शोधनिकाल तपासून सांगितलं की गूगलच्या पहिल्या पानावर आलेल्या मजकुराची सरासरी लांबी १,८९० शब्द भरते. हा आकडा जगभर फिरला आणि नियम बनून बसला. त्यांच्याच २०२० च्या पाहणीत सरासरी १,४४७ वर आली, पण तिची तेवढी चर्चा झाली नाही. मुळात सरासरीचा इथे उपयोगच नाही. तिच्यात गुंठ्याचा प्रश्नही आहे आणि गृहकर्जाचाही. आणि मोठे लेख वर दिसले म्हणून ते मोठे असल्यामुळेच वर गेले, असं ठरत नाही. गूगलने लेखकांसाठीच्या आपल्या मार्गदर्शनात स्पष्टच म्हटलं आहे की आम्हाला अमुक शब्दसंख्या आवडते असं काही नाही.

मग लांबी ठरवायची कशी? ‘कितीचा लेख?’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवायचा आणि शोधणाऱ्या माणसाला काय हवंय ते पाहायचं. गुंठ्याचंच उदाहरण पुढे नेऊ. हा प्रश्न टाइप करणारा माणूस बहुधा परीक्षेसाठी पाठांतर करत नसतो. त्याच्या हातात सातबारा असतो किंवा प्लॉट विकणाऱ्याचा कागद. सातबाऱ्यावर क्षेत्र गुंठ्यात नसतंच, ते हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेलं असतं. समजा तिथे ०.२०.५० असं लिहिलं आहे. म्हणजे शून्य हेक्टर, वीस आर आणि पन्नास चौरस मीटर. एकूण २,०५० चौरस मीटर. व्यवहारात पुष्कळ लोक आर म्हणजेच गुंठा धरून चालतात आणि या जमिनीला साडेवीस गुंठे म्हणतात. पण आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे १०१.१७. हिशेब नीट केला तर ही जमीन २०.२६ गुंठे भरते. फरक साधारण २६० चौरस फुटांचा. गावाकडच्या कोरडवाहू जमिनीत त्याचं कुणी मनावर घेणार नाही, पण शहराला लागून भाव फुटावर चालत असेल तर एवढ्यावरून सौदा अडतो.

म्हणजे या लेखात पहिल्या ओळीला उत्तर हवं. त्याखाली गुंठा, आर, एकर आणि हेक्टर यांचा छोटा तक्ता हवा: ४० गुंठ्यांचा एकर, १०० आरचा हेक्टर. मग सातबाऱ्यावरचे तीन आकडे कसे वाचायचे ते एका उदाहरणातून दाखवायचं आणि आर-गुंठ्याच्या गल्लतीबद्दल सावध करायचं. अडीचशे-तीनशे शब्दांत हे नीट बसतं. वर्डप्रेसवर लिहिणारे बरेच जण योस्ट नावाचं प्लगइन वापरतात. साध्या लेखासाठी ते तीनशे शब्दांची किमान मर्यादा धरतं आणि त्याखाली गेलात की इशाऱ्याचा रंग दाखवतं. तो रंग हिरवा व्हावा म्हणून मागे चार ओळी जोडणारे संपादक मी पाहिले आहेत. त्या चार ओळी कुणीही वाचत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला ‘सातबारा उतारा’ एवढाच शोध असतो. त्या माणसाला वाचायचं काहीच नसतं, त्याला उताऱ्याच्या सरकारी पानावर जायचं असतं. bhulekh.mahabhumi.gov.in वर उतारा फुकट पाहता येतो आणि डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये भरावे लागतात. इथे दोन हजार शब्द लिहूनही हाती काही लागत नाही, कारण वाचक तुमच्याकडे येणारच नसतो. असा शोध सोडून देणं हाही लांबीचाच निर्णय आहे. शब्दसंख्या शून्य.

खरी परीक्षा ‘वारस नोंद कशी करावी’ सारख्या शोधात होते. इथे छोटं उत्तर देऊन चालत नाही. वडील गेले आहेत, जमीन त्यांच्या नावावर आहे आणि घरात कागदाची कामं करणारं दुसरं कुणी नाही, अशा वेळी माणूस हे शोधतो. लिहिण्याआधी हाच शोध मोबाइलवर, खासगी विंडोत, मराठीतून आणि varas nond kashi karavi असं रोमन लिपीतूनही करून पाहावा. वर काय येतंय ते बघावं. व्हिडिओच जास्त असतील तर लोकांना पायऱ्या डोळ्यांनी पाहायच्या आहेत. खाली गूगल जे जोडप्रश्न दाखवतं ते सगळे वहीत उतरवून घ्यावेत. शोधपट्टीत पहिले दोन शब्द टाकल्यावर आपोआप सुचवले जाणारे पर्यायही घ्यावेत. मग शक्य असेल तर तलाठी कार्यालयात जाणाऱ्या एखाद्या माणसाला विचारावं की तिथे लोक काय विचारतात. वही भरते, पण बरेच प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा आलेले असतात. ते एकत्र केले की मोजकेच उरतात.

वारस नोंदीचे उरलेले प्रश्न साधारण असे असतात. अर्ज कुठे करायचा? तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीतून. सोबत काय द्यायचं? मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची नावं. किती दिवसांत? कायद्यात तीन महिने सांगितले आहेत. पण इथे एक वाक्य वाढवावंच लागतं, कारण वाचकाला मनातून भीती वेगळीच असते: मुदत उलटली म्हणून वारसाहक्क जात नाही, नोंद नंतरही करता येते. अर्जानंतर काय होतं? आधी वारसांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये नोंद, मग चौकशी, मग फेरफार, संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. हा भाग सविस्तरच हवा, कारण अर्ज दिल्यावर सातबारा लगेच बदलत नाही आणि ‘आपलं काम अडलंय का?’ या प्रश्नावर लोक हैराण होतात. पायऱ्या माहीत असल्या की काम कुठल्या टेबलावर आहे ते त्यांना विचारता येतं.

मग उरतो तो प्रश्न, जो घरात मोठ्याने कुणी विचारत नाही: लग्न झालेल्या बहिणीचं नाव लावायचं का? हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मुलीचं लग्न झालं म्हणून यात काही बदलत नाही. तिचं नाव वगळून नोंद केली तर हरकत येते आणि प्रकरण सुनावणीला जातं. या प्रश्नाला पूर्ण परिच्छेद द्यायला हवा, आणि माझ्या मते तो लेखाच्या पहिल्या अर्ध्यात यायला हवा, तळाशी ‘इतर माहिती’ म्हणून नाही.

इथवर लेख नऊशे ते हजार शब्दांपर्यंत येतो. तेवढे शब्द लिहायचे म्हणून नव्हे, उत्तरंच तेवढी होती म्हणून. आता मोह होतो तो हक्कसोड पत्र, मृत्युपत्र आणि वाटणीपत्र यांचेही भाग जोडण्याचा. हे तिन्ही वेगळे शोध आहेत. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं, एवढं एक वाक्य आणि त्या लेखाकडे जाणारा दुवा पुरतो. कोणता प्रश्न आत घ्यायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा, यासाठी मी एकच कसोटी लावतो: आत्ता अर्ज भरायला बसलेल्या माणसाला हे कळल्याशिवाय त्याचा हात अडेल का? अडत नसेल तर ते वेगळ्या लेखात.

लेख छापून झाला की काम संपत नाही. दोन-तीन महिन्यांनी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पाहावं. लोकांनी नेमके कोणते शब्द टाकले तेव्हा हा लेख त्यांना दिसला, याची यादी तिथे मिळते. त्यात ‘एक वारस सही देत नसेल तर’ सारखा शोध वारंवार दिसला आणि लेखात त्याचं उत्तर नसलं, तर लेख तेवढ्यापुरता तोकडा आहे. तो परिच्छेद जोडावा. उलट वाचक वरचे दोन भाग वाचून निघून जातात असं वेबसाइटच्या आकडेवारीत दिसलं, तर लगेच खालचा भाग कापू नये. आधी एवढं तपासावं की त्यांचं काम वरच झालं का, की खाली काय आहे हे त्यांना कळलंच नाही. पहिल्या वेळी लेख बरोबर असतो, दुसऱ्या वेळी उपशीर्षकं चुकलेली असतात. दोन्ही वेळा शब्द मोजून काही समजत नाही.

फुगवलेला लेख ओळखायला यंत्र लागत नाही. दोन उपशीर्षकांखाली एकच उत्तर असेल, ‘वारस म्हणजे काय’ असं वारसालाच समजावलं असेल, किंवा पहिला परिच्छेद झाकूनही काही बिघडत नसेल, तर तिथे शब्द भरले आहेत. तोकडा लेख ओळखणं जास्त अवघड, कारण जे नाही ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी ती वही जपून ठेवायची आणि लेख झाल्यावर तिच्यातल्या प्रत्येक प्रश्नापुढे उत्तराची ओळ सापडते का ते बघायचं.

लेख लिहून घेणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: ब्रीफमधला शब्दसंख्येचा रकाना काढा आणि तिथे प्रश्नांची यादी द्या. मानधन त्या यादीवर ठरवा. गुंठ्याचा अचूक हिशेब तीनशे शब्दांत बसवणाऱ्या लेखकाला तुम्ही आज हजार शब्द भरणाऱ्यापेक्षा कमी पैसे देता.