चाळीस मिनिटांत एक शोधनिबंध : दावा, पुरावा आणि मधला सांधा

नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा अक्कलकुवा येथील महाविद्यालयांत इतिहास घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती तिसऱ्या वर्षी कधीतरी कलेतिहासावरचा इंग्रजी शोधनिबंध येतो. घरी अहिराणी, भिली किंवा गुजर बोली, वर्गात मराठी, आणि समोर तळटिपांनी भरलेली इंग्रजी पाने. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून शब्दकोश उघडून बसतो, तिसऱ्या पानावर थकतो, आणि वहीत जे उतरते ते निबंधाचे सार नसते. पहिल्या तीन पानांचे अर्धवट भाषांतर असते.

यात इंग्रजीचा दोष आहे, पण थोडाच. खरी अडचण अशी, की शोधनिबंध कथेसारखा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा नसतो. तो एक वाद असतो. कोणीतरी आधी काही म्हणाले आहे, लेखक त्याला हरकत घेतो आणि हरकतीसाठी पुरावे मांडतो. वाचकाला तीन गोष्टी शोधायच्या असतात : दावा काय आहे, पुरावा कोणता आहे, आणि पुराव्यापासून दाव्यापर्यंत लेखक कोणत्या सांध्याने पोहोचतो. ही तिसरी गोष्ट बहुतेक टिपणांत सापडतच नाही. एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊन हे पाहू.

सुसान हंटिंग्टन या अमेरिकन कलेतिहासकार बाईंचा एक निबंध १९९० साली ‘आर्ट जर्नल’ या नियतकालिकात आला. शीर्षकाचा अर्थ ‘प्रारंभिक बौद्ध कला आणि अप्रतिमावादाचा सिद्धांत’ असा होतो. लांबी जेमतेम आठ पाने. विषय आपल्या ओळखीचा आहे. भारहूत आणि सांची येथील जुन्या शिल्पपटांत बुद्धाची मानवी आकृती दिसत नाही. झाड दिसते, रिकामे आसन दिसते, पाउले, चक्र, स्तूप दिसतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत याचे स्पष्टीकरण ठरलेले असते : त्या काळी बुद्धाची मूर्ती करत नसत, म्हणून त्याच्या जागी चिन्हे कोरत.

आता घड्याळ लावून बसू. पहिली दहा मिनिटे निबंध वाचायचा नाही, न्याहाळायचा. शीर्षक, साल, नियतकालिक, उपशीर्षके असतील तर ती, आणि सगळी चित्रे त्यांच्या खालच्या ओळींसह. कलेतिहासात चित्रे सजावटीसाठी नसतात; बहुतेक वेळा तीच पुराव्यांची यादी असते. कोणत्या स्थळाची चित्रे आहेत, कोणत्या शतकातली आहेत, एकाच वस्तूचे दोन-तीन कोनांतून फोटो आहेत का, हे पाहिले की लेखकाचे वजन कुठे आहे ते कळते. शीर्षकही बोलके असते. हंटिंग्टन बाईंनी ‘अप्रतिम कला’ असे न म्हणता ‘अप्रतिमावादाचा सिद्धांत’ म्हटले आहे. म्हणजे चर्चा शिल्पांइतकीच विद्वानांच्या मताचीही होणार.

पुढची दहा मिनिटे पहिले दीड पान आणि शेवटचे दोन-तीन परिच्छेद नीट वाचायचे. येथे एक सापळा असतो. शोधनिबंधाच्या सुरुवातीला लेखक बहुधा दुसऱ्याचे मत मांडतो, आणि चांगला लेखक ते इतके प्रामाणिकपणे मांडतो की ते त्याचेच वाटावे. या निबंधातही मूर्तीऐवजी चिन्हे हे जुने मत आधी येते. फ्रेंच विद्वान अल्फ्रेड फूशे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते पक्के केले आणि पुढच्या पिढ्यांनी ते गृहीत धरले. घाईत वाचणारा विद्यार्थी नेमके हेच मत ‘लेखिकेच्या मते’ असे लिहून मोकळा होतो आणि सगळे टिपण उलटे होते. म्हणून इंग्रजीतील ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘येट’ या शब्दांना पेन्सिलीने गोल करावा. त्यांच्या आधी बहुधा दुसऱ्याचे मत असते, नंतर लेखकाचे. तरी शंका राहिली तर शेवटच्या परिच्छेदाशी ताडून पाहावे; तिथे लेखक शक्यतो स्वतःच्याच आवाजात बोलतो.

एवढ्यावर थांबून निबंध मिटावा आणि दावा आपल्या भाषेत एका वाक्यात लिहावा. ‘हा निबंध बौद्ध कलेतील चिन्हांविषयी आहे’ हे वाक्य चालणार नाही. तो विषय झाला. दावा म्हणजे ज्याला कोणी ‘नाही, मला पटत नाही’ असे म्हणू शकेल असे विधान. या निबंधाचा दावा साधारण असा लिहिता येईल : ‘भारहूत-सांचीच्या बऱ्याच पटांत बुद्धाच्या आयुष्यातला प्रसंग दाखवून त्यातून बुद्धाला वगळलेले नाही, बुद्धानंतरच्या काळात भाविक पवित्र स्थळांची आणि अवशेषांची पूजा करत आहेत, तेच तिथे दाखवले आहे.’ म्हणजे त्या पटांत बुद्धाची आकृती नाही, हे लेखिकेला मान्य आहे. ती तिथे असायला हवी होती आणि तिच्या जागी चिन्ह आले, हे तिला मान्य नाही. हा फरक वाक्यात आला नसेल, तर दावा अजून हाती लागलेला नाही.

उरलेली वीस मिनिटे मधल्या पानांसाठी. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचावे, आणि जिथे चित्राचा क्रमांक किंवा शिलालेखाचा उल्लेख येईल तिथे थांबावे. वहीचे पान आडवे धरून तीन रकाने आखावेत : काय दिसते, त्यावरून काय म्हटले आहे, आणि मध्ये काय गृहीत धरले आहे.

भारहूतचा एक पट घेऊ. भारहूत मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये तिथले अवशेष सापडले आणि त्यांचा मोठा भाग आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. तेथील प्रसेनजित स्तंभावरच्या एका पटात बोधिवृक्ष आहे, त्याच्याभोवती खांबांची इमारत आहे, खाली आसन आहे आणि उपासक हात जोडून आहेत. जवळ ब्राह्मी लेख आहे, त्यात शाक्यमुनीच्या ‘बोध’ाचा उल्लेख आहे.

पहिल्या रकान्यात एवढेच लिहावे : झाड, भोवती इमारत, आसन, उपासक, लेख. दुसऱ्या रकान्यात : ‘हे बोधप्राप्तीचे दृश्य नसून नंतरच्या काळातील तीर्थस्थान आहे.’ आता तिसरा रकाना. झाड आणि इमारत पाहून ‘नंतरचा काळ’ हा निष्कर्ष कसा निघाला? मधला सांधा असा : बोधप्राप्ती उघड्यावर झाडाखाली झाली, इमारत भक्तांनी पुढे उभारली, इमारत दाखवली आहे, म्हणून काळ नंतरचा. हा सांधा बराच मजबूत आहे, पण अभेद्य नाही. शिल्पकाराने आपल्या काळी दिसणारी इमारत जुन्या प्रसंगाच्या दृश्यातही कोरली असेल, असे कोणी म्हणू शकेल. लेखातला ‘बोध’ हा शब्दही दोन्हीकडे ओढता येतो : बोधीचे झाड व स्थान, किंवा बोधीची घटना. तिसरा रकाना भरताना या दोन जागा दिसतात. नुसते भाषांतर करणाऱ्याला त्या दिसत नाहीत.

हे रकाने किती उपयोगी पडतात ते दुसरा निबंध वाचताना कळते. १९९१ मध्ये विद्या देहेजिया यांनी ‘आर्स ओरिएंटालिस’ या नियतकालिकात हंटिंग्टन यांना उत्तर दिले. त्यांचा दावा असा, की एकाच चिन्हाचे अनेक अर्थ संभवतात : कधी ते बुद्धाची उपस्थिती सांगते, कधी तीर्थस्थान, कधी धर्माचे तत्त्व. त्यांच्या बाजूचा एक वजनदार पुरावा भारहूतचाच आहे. तेथे अजातशत्रू राजा हत्तीवरून येतो आणि पाउलांच्या खुणा असलेल्या आसनापुढे नमस्कार करतो. लेख सांगतो, की अजातशत्रू भगवंताला वंदन करत आहे.

तेच तीन रकाने येथे लावून पाहावेत. दिसते ते : राजा, आसन, पाउले, नाव असलेला लेख. म्हणणे : आसन येथे साक्षात बुद्धाच्या जागी आहे. सांधा : अजातशत्रू बुद्धाचा समकालीन होता आणि त्याने बुद्धाची भेट घेतल्याची कथा ग्रंथांत आहे, लेख ‘भगवंताला’ म्हणतो, ‘आसनाला’ म्हणत नाही. इमारतीच्या पटात हंटिंग्टन यांचे म्हणणे पटते, तर या पटात देहेजिया यांचे. दोन्ही टिपणे शेजारी ठेवली की वाद कुठे अडला आहे ते दिसते. भांडण ‘बुद्ध दिसतो की नाही’ याचे नाही. लेख आणि दृश्य एकमेकांशी कसे जोडायचे याचे आहे. हंटिंग्टन यांनी १९९२ मध्ये त्याच नियतकालिकात सविस्तर प्रत्युत्तर दिले, ते वाचायला घेताना हा प्रश्न हाताशी ठेवावा.

या पद्धतीने वाचताना एक चूक वारंवार होते. वर्णन पुराव्याच्या रकान्यात जाऊन बसते. लेखक एखाद्या खांबाचे सुंदर वर्णन करतो आणि विद्यार्थी ते सगळे उतरवतो. ओळखण्याची कसोटी सोपी आहे : हा तपशील काढून टाकला तर दावा डळमळेल का? उपासकांच्या दागिन्यांचे वर्णन काढले तर काही बिघडत नाही. इमारत काढली तर सगळे कोसळते. इमारत पुरावा आहे, दागिने वर्णन आहे. दुसऱ्या एखाद्या निबंधात दागिन्यांवरूनच काळ ठरवलेला असेल, तर तिथे तेच पुरावा होतील.

चाळीस मिनिटांच्या वाचनाची मर्यादाही टिपणात लिहून ठेवावी. एवढ्या वेळात लेखक काय म्हणतो ते कळते. ते खरे आहे का, ते कळत नाही. फोटोत पटाचा कडेचा भाग कापला आहे का, शिलालेखाचे वाचन पक्के आहे का, हे तपासायला मूळ साधनांकडे जावे लागते. भारहूतच्या लेखांसाठी ल्यूडर्स यांनी संपादलेला आणि वाल्डश्मिट व मेहेंदळे यांनी सुधारून १९६३ मध्ये सिद्ध केलेला संग्रह आहे. म्हणून टिपणाच्या तळाशी एक ओळ राखून ठेवावी : ‘कोणता सांधा तपासायचा?’ वरच्या उदाहरणात ती ओळ अशी होईल : ‘बोध या शब्दाचा अर्थ संग्रहात काय दिला आहे, आणि का?’ पुढच्या वाचनाची सुरुवात तिथून करता येते.

खानदेशातल्या विद्यार्थ्याला हा वाद केवळ कागदावर पाहावा लागत नाही. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने जळगाव गाठले की अजिंठा फार लांब नाही. तेथील दहाव्या लेण्यात डाव्या भिंतीवर, झिजलेल्या रंगांत, एक राजा आपल्या परिवारासह बोधिवृक्षाची पूजा करताना दिसतो. ते चित्र इसवीसनाच्या आधीच्या शतकांतल्या परंपरेतले आहे आणि बुद्धाची आकृती त्यातही नाही. सहलीच्या वहीत तिथे उभे राहून तीन रकाने आखावेत. पहिला डोळ्यांनी भरतो. दुसऱ्यात हंटिंग्टन काय म्हणतील आणि देहेजिया काय म्हणतील ते लिहावे. तिसऱ्यात, त्या भिंतीवर नेमके काय सापडले तर दोघींपैकी एकीचे म्हणणे मागे घ्यावे लागेल, ते लिहावे.